संध्याकाळी सातनंतर ऑफिसचा ग्रुप म्यूट : नोटीस लावावी का?

चाकणची हिशेबनीस
आमची सुटे भाग बनवणारी छोटी कंपनी आहे, माणसं चाळीसेक. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकराला पण 'उद्याचं मटेरियल कुठंय' सुरू असतं. साहेबांनी मला नोटीस लिहायला सांगितली. मसुदा असा: 'संध्या. ७ ते स. ९ ग्रुपवर कामाचा मेसेज टाकू नये. सर्वांनी या वेळेत ग्रुप म्यूट ठेवावा. तातडीचे काम फोन करून कळवावे.' ठीक आहे का? काही सुटलंय का?

डिस्पॅचवाला
माझा विरोध. मागच्या वर्षीचा अनुभव सांगतो. गाडी होसूरला निघाली, वाटेत बंद पडली. ई-वे बिलाची मुदत त्याच रात्री बाराला संपत होती. सुपरवायझरने पावणेअकराला ग्रुपवर टाकलं, 'मुदत वाढवा'. अकाउंट्सच्या पोराने ग्रुप म्यूट केलेला. त्याने सकाळी आठ वीसला बघितलं. मुदत संपल्यावर आठ तासांच्या आत वाढवावी लागते, म्हणजे आठ वाजताच दार बंद. गाडी दिवसभर धाब्यावर उभी, ड्रायव्हरच्या शिव्या मला. म्यूट बिट ऑफिसच्या बाबूंना परवडतं.

जुना एचआर
डिस्पॅचवाले, तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे. सुपरवायझरने फोन का नाही केला? चाळीस जणांत टाकलेला मेसेज म्हणजे कुणालाच न दिलेलं काम. ग्रुप उघडा असता तरी पावणेअकराला 'दुसरा कोणीतरी बघेल' असंच झालं असतं.

ताई, मसुद्यात मात्र एक खोट आहे. म्यूटला पर्याय तीनच: ८ तास, १ आठवडा, कायमचा. सातला आठ तास लावले की पहाटे तीनला म्यूट उठतो. चारला कुणी गेटचा फोटो टाकला की उशीखाली टुंग. शिवाय रोज संध्याकाळी आठवणीने म्यूट कोण करणार? चार दिवस करतील. त्यापेक्षा 'कायमचा' लावायला सांगा, आणि दिवसा ज्याचं काम त्याला @ लावून बोलवा. म्यूट असला तरी नावाने बोलावलेलं आणि आपल्या मेसेजला दिलेलं उत्तर वाजतं. म्हणूनच नोटिशीत एक ओळ हवी: सातनंतर कुणाला @ लावायचं नाही. नाहीतर म्यूट नावापुरताच.

सदाशिव पेठी
एवढा खटाटोप कशाला? मी निळी टिकच बंद केलीय. वाचलं की नाही कुणाला कळत नाही, सकाळी सावकाश उत्तर. आणि ऑफिस सुटल्यावर कामाच्या फोन-मेसेजला उत्तर न देण्याचा कायदा पण झालाय ना, सुप्रिया सुळेंनी आणलेला.

जुना एचआर
टिक बंद फक्त एकेकट्याच्या चॅटला लागू होते. ग्रुपमध्ये नाही. ज्याने मेसेज टाकला त्याने तो दाबून धरून माहिती उघडली की कुणी वाचलं त्यांची नावं येतात. आमच्याकडे एका मॅनेजरने त्याचा स्क्रीनशॉट काढून 'पाहून गप्प बसलात' म्हणून जाब विचारला होता. तुमची गंमत तशीच उघडी पडेल. आणि तो कायदा नाही, खासगी विधेयक होतं, २०१८ चं. मंजूर झालं नाही.

कोथरूडची काकू
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे पाचला सुप्रभातचे गुलाब येतात. सोडला तर सेक्रेटरी रागावतात. त्यांना पण अशी नोटीस देता येईल का हो?

डिस्पॅचवाला
काकू, 'कायमचा' म्यूट करा आणि झोपा 😄

बरं, फोन करावा हे मान्य. पण लोक रात्री फोनच 'डू नॉट डिस्टर्ब'वर टाकतात, त्याचं काय?

जुना एचआर
अँड्रॉइडवर त्यात पुन्हा फोन करणाऱ्यांची सोय असते, ती चालू हवी. तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हा घंटी वाजते. म्हणून 'लागोपाठ दोनदा फोन करा' असं नोटिशीत लिहायचं. पण कुणाला करायचा, हे आधी ठरवा. आठवड्याला एकाचं नाव, नंबर गेटवर.

डिस्पॅचवाला
आणि त्या एकाला रात्रीचे जादा पैसे कोण देणार? इथेच सगळ्या नोटिशी अडकतात.

चाकणची हिशेबनीस
तीन वाजताचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता असं लिहिलंय: 'ग्रुप कायमचा म्यूट ठेवावा. संध्या. ७ नंतर @ लावू नये. गाडी, अपघात, मशीन बंद यासाठी त्या आठवड्याच्या ड्यूटी-माणसाला लागोपाठ दोनदा फोन करावा. ग्रुपवर रात्री टाकलेल्याला सकाळी साडेनऊनंतर उत्तर चालेल.'

पैशांचं साहेबांना विचारलं. म्हणाले, 'एक फोन उचलायचे कसले पैसे?' पहिल्या आठवड्याच्या ड्यूटीला त्यांचंच नाव टाकलंय. अजून सही व्हायची आहे.