मदत हवी आहे: रीसेट केलेला फोन जुनं गूगल अकाउंट मागतोय

पहिल्यांदाच जुना अँड्रॉइड फोन एक्स्चेंजला देतेय. सेटिंग्ज न उघडता, पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून रिकव्हरीतून फॅक्टरी रीसेट मारला. वाटलं, झालं काम! न्यायला आलेल्या मुलाने फोन चालू केला तर वायफायनंतर पडद्यावर जुन्या गूगल अकाउंटची मागणी. "ताई, लॉक आहे, घेता येणार नाही," म्हणून तो परत गेला.

आता कळलं की हे चोरीविरुद्धचं कुलूप आहे आणि रिकव्हरीतून रीसेट केल्याने ते निघत नाही. अकाउंट बाबांचं आहे आणि त्यांचा पासवर्ड मी कालच बदलला, त्यामुळे 24 तास थांबणार आहे. मग त्याच अकाउंटने आत जाऊन, सेटिंग्जमधून ते काढून, तिथूनच पुन्हा रीसेट करायचा बेत आहे. क्रम बरोबर आहे ना?

दुसरी शंका फोटोंची. रीसेटआधी सिक्युरिटीत Encrypted असं दिसत होतं. म्हणजे रीसेटमध्ये किल्लीच नष्ट होते आणि उरलेला डेटा वाचता येत नाही, बरोबर? की वर रिकामे व्हिडिओ भरून पुन्हा पुसायला हवं? मेमरी कार्ड मात्र आधीच काढलंय.