मदत हवी आहे: उंची-काल आलेखावरून उड्डाणकाल कसा शिकवावा?

नमस्कार. मी सांगलीत अकरावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि प्रक्षेप्याच्या उंची-काल आलेखाबाबत आपले मार्गदर्शन हवे आहे.

उदाहरण असे आहे. 15 मीटर उंच गच्चीवरून चेंडू तिरका वर फेकला, त्याच्या वेगाचा ऊर्ध्व घटक 10 मीटर प्रति सेकंद आहे आणि g चे मूल्य 10 घेतले, तर h = 15 + 10t − 5t² हे समीकरण मिळते. 0, 1, 2 आणि 3 सेकंदांना उंची अनुक्रमे 15, 20, 15 आणि 0 मीटर येते. कमाल उंची 20 मीटर हे मुले शिखरावरून बरोबर वाचतात; पण शिखर 1 सेकंदाला आहे म्हणून उड्डाणकाल त्याच्या दुप्पट, म्हणजे 2 सेकंद, असे बहुतेक जण लिहितात. वास्तविक 2 सेकंदांना चेंडू फक्त गच्चीच्या पातळीवर परत येतो आणि वक्र काल-अक्षाला 3 सेकंदांवर छेदतो. दुपटीचा नियम फेकण्याची व पडण्याची पातळी एकच असेल तरच लागू पडतो, हे सांगूनही पुढच्या गणितात तेच घडते.

माझ्या मते मूळ अडचण अशी आहे की मुले हा वक्र चेंडूचा मार्गच समजतात. (सरळ वर फेकलेल्या चेंडूचाही उंची-काल आलेख हाच येतो, याचे त्यांना फार नवल वाटते.) म्हणून आधी शिखरापाशी चढ शून्य का होतो हे शिकवावे, की h = 0 ही रेषा ठळक काढून छेदबिंदू शोधायला लावावा? आपण वर्गात कोणता क्रम ठेवता, ते कृपया सविस्तर कळवावे.