मदत हवी आहे: दूध बिलाच्या शीटमध्ये १८,८५० चा फरक, प्रत्येकाचं बिल बरोबर पण खालची बेरीज चुकते

दूधसंस्था_क्लार्क
नमस्कार मंडळी. मी गावातल्या दूध संस्थेत क्लार्क आहे, कॉमर्स वगैरे काही नाही, बारावीनंतर एमएससीआयटी केलं तेवढंच. आमचं दहा दिवसांचं बिल निघतं, सभासद १८४. एक्सेलमध्ये D कॉलमला दुधाची रक्कम, E ला पशुखाद्याची कपात आणि F ला देय. F मध्ये `=D2-E2` असं सरळ आहे, आणि खाली तिन्ही कॉलमच्या SUM.

या खेपेला दुधाची बेरीज ६,४२,३१८.५० येते, कपातीची ७१,४६० आणि देय ५,५२,००८.५०. आता ६,४२,३१८.५० मधून ७१,४६० गेले तर ५,७०,८५८.५० राहायला पाहिजेत, म्हणजे १८,८५० चा फरक. मी पंधरा-वीस जणांची बिलं कॅल्क्युलेटरवर करून बघितली, एकेकाचं बिल पैशासकट बरोबर आहे. मग बेरजेत कुठं माती खाल्ली?

खरं सांगायचं तर फरक मागच्या चार बिलांतही होता, पण कमी होता. सचिव म्हणाले न जुळणारी रक्कम तात्पुरती उचंत खात्याला टाक, मिळेल तेव्हा बघू, म्हणून किर्दीला तसंच लिहीत गेलो. आता १८ हजार बघून हात थरथरायला लागला आणि मी लिहिलं नाही. उद्या बँकेत यादी द्यायची आहे, कृपया लवकर सांगा.

कोरडवाहू
पैशांचं राउंडिंग असणार. १८४ माणसं म्हटल्यावर पै-पै जमून फरक पडतो. ROUND लावा सगळीकडे.

दूधसंस्था_क्लार्क
दादा, १८४ जणांचा प्रत्येकी रुपया धरला तरी १८४ रुपये होतील की, १८ हजार कसे होतील 😅

शिल्लक_पेन्शनर
मी आता निवृत्त आहे, पण सहकारी संस्थांचं ऑडिट बरीच वर्षं केलंय. घाईनं फॉर्म्युल्यात हात घालू नका. आधी एक सांगा, पशुखाद्याचं पोतं कितीला देता?

दूधसंस्था_क्लार्क
१,४५० ला सर. पन्नास किलोचं.

शिल्लक_पेन्शनर
मग १८,८५० ला १,४५० नं भागा.

दूधसंस्था_क्लार्क
१३. बरोब्बर १३ 😳

शिल्लक_पेन्शनर
म्हणजे तेरा पोत्यांची कपात बिलातून गेली आहे पण E च्या बेरजेत आलेली नाही. पोरं फरक दिसला की सगळी शीट पुन्हा टाईप करायला घेतात, आधी फरकालाच विचारावं की बाबा तू कुणाचा. आता E2 ते E185 मध्ये अशी रक्कम शोधा की जी डोळ्याला आकडा दिसते पण एक्सेलला ती अक्षरं वाटतात. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाका:

```
=COUNTA(E2:E185)-COUNT(E2:E185)
```

COUNTA जे काही भरलेलं आहे ते सगळं मोजतो, COUNT फक्त खरे आकडे मोजतो. उत्तर शून्य नसेल तर तेवढ्या सेल खोट्या.

दूधसंस्था_क्लार्क
११ आलं!! पण सर पोती १३ आणि सेल ११?

शिल्लक_पेन्शनर
दोघांनी दोन-दोन पोती नेली असतील. नऊ जणांचे १,४५० म्हणजे १३,०५०, दोघांचे २,९०० म्हणजे ५,८००. करा बेरीज.

दूधसंस्था_क्लार्क
१८,८५०. सर पाया पडतो तुमच्या. पण एक डोक्यात बसेना, ती अक्षरं आहेत तर `=D2-E2` ला वजाबाकी कशी काय जमते? तिथं तर बरोबर उत्तर येतंय.

रात्रपाळी
तीच तर गंमत आहे भाऊ. अधिक, उणे, गुणिले असं चिन्ह टाकलं की एक्सेल म्हणतं हिशोब करायला सांगितलाय म्हणजे आकडाच असणार, आणि "1450" अक्षरात असला तरी त्याचा आकडा करून वजा करतं. SUM ला रेंज दिली की मात्र तो तसं करत नाही, अक्षरं दिसली की गुपचूप ओलांडून पुढं जातो, एरर पण देत नाही. म्हणून आडवा हिशोब बरोबर आणि उभा चूक. माझी पहिली नोकरी यानंच जाता जाता राहिलीये.

त्या ११ सेलपैकी एकमेकांखाली असतील त्या चार-पाच सिलेक्ट करून खालच्या पट्टीत बघा, Count दिसेल पण Sum दिसणारच नाही.

दूधसंस्था_क्लार्क
खरंच नाही दिसत. नुसतं Count: 5.

मधलीआळी
सोपं आहे हो, E कॉलम सिलेक्ट करा, राइट क्लिक, Format Cells मध्ये Number करा, झालं.

दूधसंस्था_क्लार्क
केलं ताई, बेरीज ७१,४६० च राहिली.

रात्रपाळी
ताईंचं अर्धं बरोबर आहे. फॉरमॅट बदलला तरी आत आधीच बसलेली अक्षरं अक्षरंच राहतात, पुढं जे टाईप कराल ते आकडा म्हणून बसेल इतकंच. जुन्यासाठी एकेका सेलवर F2 आणि एंटर मारा, नाहीतर अख्खा E कॉलम सिलेक्ट करून Data मध्ये Text to Columns आणि काही न बदलता थेट Finish. आधी फाईलची कॉपी ठेवा मात्र.

दूधसंस्था_क्लार्क
झालं!!! E ची बेरीज ९०,३१०. आणि ६,४२,३१८.५० वजा ९०,३१० = ५,५२,००८.५०. जुळलं. दोन दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

बांधावरचा_बबन
आमच्या संस्थेत पण हेच चाललंय, माझे एका पोत्याचे पैसे दोनदा कापले, विचारलं की म्हणतात कॉम्प्युटरची चूक. म्हणजे तुम्ही लोकांनी शेतकऱ्याला १८ हजार कमी दिले ना?

दूधसंस्था_क्लार्क
नाही हो काका, शेतकऱ्याला एक रुपया कमी नाही गेला, देय रक्कम पहिल्यापासून बरोबरच होती. चूक आमच्या वहीत झाली, कपात कमी दिसली. तुमचं दोनदा कापलंय ते वेगळं, त्या दोन्ही बिलांच्या स्लिपा आणि खाद्याची पावती घेऊन जा आणि खातेउतारा मागा.

शिल्लक_पेन्शनर
आता मला हे सांगा की ११ च सेल अशा का झाल्या? कारण सापडलं नाही तर पुढच्या बिलाला परत हेच.

दूधसंस्था_क्लार्क
तेच शोधत होतो, आणि सापडलं, माझंच पाप निघालं. गणपतीच्या आधी १४ सभासदांनी खातं दुसऱ्या बँकेत नेलं, तिथला खाते नंबर १६ आकडी. टाईप केला की एक्सेल शेवटचा आकडा ० करायचं, दोघांचं पेमेंट त्यामुळं परत आलं होतं. मग कुणीतरी सांगितलं की Text फॉरमॅट कर, तर मी शहाण्यानं नुसती खाते नंबरची सेल न घेता त्या १४ ओळी आख्ख्या निवडून Text करून टाकल्या. दुधाची रक्कम मशीनच्या फाईलमधून पेस्ट होते, ती स्वतःचा फॉरमॅट घेऊन येते म्हणून ती वाचली. कपात मात्र मी हातानं टाईप करतो, ती अक्षरं म्हणून बसली. १४ पैकी तिघांनी या खेपेला खाद्य नेलं नाही म्हणून ११. आणि दर बिलाला मागचीच शीट कॉपी करतो, त्यामुळं रोग पुढं पुढं चालत आला.

रात्रपाळी
खाते नंबर Text ठेवला ते बरोबरच केलंत, एक्सेल १५ च आकडे धरतं. पण सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण नाही दिसला का?

दूधसंस्था_क्लार्क
आधीच्या क्लार्कनं ते सेटिंग बंद केलंय, खाते नंबरवर सगळीकडे हिरवं दिसायचं म्हणून. आणि मी शीट छान दिसावी म्हणून सगळं सेंटर केलेलं, नाहीतर अक्षरं डावीकडं आणि आकडे उजवीकडं असं तरी दिसलं असतं. आता रकमांचं सेंटर काढलं.

पतसंस्थावाली
आमच्या पतसंस्थेत थोडा वेगळा प्रकार झाला होता, बँकेच्या साइटवरून स्टेटमेंट कॉपी केलं तर रकमेच्या मागे न दिसणारी स्पेस आली होती, TRIM नं पण जाईना. शिवाय आमचे एक काका प्रत्येक रकमेपुढं 1450/- असं लिहायचे, तिथं वजाबाकीला सरळ #VALUE! यायचं. ते बरं एका अर्थी, निदान बोंब तरी मारतं. स्पेसला मी हे वापरते, A2 च्या जागी तुमची सेल:

```
=VALUE(SUBSTITUTE(A2,CHAR(160),""))
```

शिल्लक_पेन्शनर
क्लार्कसाहेब, बेरजेच्या खालच्या ओळीत हे कायमचं ठेवा. शून्य आलं तरच बिल बँकेत पाठवायचं.

```
=ROUND(SUM(D2:D185)-SUM(E2:E185)-SUM(F2:F185),2)
```

D किंवा E मध्ये कुणाची रक्कमच चुकीची टाकली तर हे पकडणार नाही, म्हणून खाद्याच्या पावतीबुकाची बेरीज E शी वेगळी ताडा. तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं कुणी म्हटलं की मला अजून हसू येतं.

दूधसंस्था_क्लार्क
ठेवतो सर. आता मागच्या चार बिलांचं काय करू? जुन्या शीटा उघडून तसंच केलं, फरक निघाले ४,३५०, ८,७००, ७,२५० आणि ११,६००. सगळ्यांना १,४५० नं भाग जातो, मिळून २२ पोती, ३१,९०० रुपये. किर्दीत खाडाखोड करू का?

शिल्लक_पेन्शनर
अजिबात नाही! लिहिलेल्या किर्दीला हात लावायचा नाही. आजच्या तारखेला जमाखर्च घ्या, उचंत खाते नावे ३१,९००, पशुखाद्य येणे खाते जमा ३१,९००, आणि तपशिलात चारही बिलांच्या तारखा लिहा. सभासदवार यादी जोडा, कारण त्या लोकांच्या नावावर खाद्याची बाकी अजून उभी दिसत असेल, कपात झालेली असूनही. सचिव आणि चेअरमन दोघांची सही घ्या.

दूधसंस्था_क्लार्क
बाप रे, म्हणजे म्हणूनच दोघं परवा भांडायला आले होते, बाकी दाखवता म्हणून. मी त्यांनाच उलट बोललो.

अजून एक सर. उचंतला एकूण जमा ३४,२६० दिसते. ३१,९०० गेले की २,३६० उरतात, आणि त्याला १,४५० नं भाग जात नाही.

शिल्लक_पेन्शनर
मग ते या प्रकारातलं नाही. या ३१,९०० बरोबर ते मिटवून टाकू नका, वेगळं राहू द्या. उचंतची पहिली नोंद कधीची आहे बघा. मागच्या वर्षातून पुढं ओढत आणलेली असेल तर जुन्या ऑडिट रिपोर्टमध्ये काही शेरा आहे का तेही बघा.

मधलीआळी
२,३६० म्हणजे औषधाची किंवा डॉक्टरच्या व्हिजिटची कपात असेल का?

दूधसंस्था_क्लार्क
असू शकेल ताई, ती कपात वेगळ्या रजिस्टरला असते. रजिस्टर सचिवांच्या कपाटात आहे आणि सचिव लग्नाला गेलेत, सोमवारी येतील. बँकेची यादी मात्र आत्ता प्रिंटला लावली. सोमवारी कपाट उघडलं की इथंच लिहितो.