मदत हवी आहे: सात जणांच्या वर्कशॉपसाठी एक पानी मूल्यमापन फॉर्म

फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप, माणसं सात, एचआर कुणी नाही. फॉर्ममध्ये चारच मुद्दे ठेवलेत: कामाचा दर्जा, वेळ, सुरक्षितता, हाताखालच्याला शिकवणं. पाचपैकी गुण ठेवले की सगळ्यांना सरसकट तीन मिळतात, म्हणून चारच पायऱ्या, आणि प्रत्येकीपुढे दिसणारी गोष्ट लिहिलीय. उदा. वेल्डिंगला पायरी २ म्हणजे ‘जोड पुन्हा ग्राइंड करावा लागतो’, ३ म्हणजे ‘पहिल्याच तपासणीत पास’. शेजारी तारखेसह एक प्रसंग लिहायला दोन ओळी. नाहीतर फक्त गेल्या पंधरवड्यातलं आठवतं.

अडलंय ते इथे: पगारवाढीचा रकाना याच पानावर ठेवावा का? आकडा दिसला की बाकीचं कुणी ऐकत नाही. आणि हेल्परला ‘शिकवणं’ लागूच नाही, तिथे काय घालता?