वहिनीचं मायक्रोफायनान्सचं पासबुक: गटाने हप्ता थांबवावा का?

उजळाईवाडीचा दीर: वहिनीने गटातून 40,000 चं कर्ज घेतलंय. 24 महिने, महिन्याला 2,115 चा हप्ता. दहा हप्ते झाले, म्हणजे 21,150 भरले. माझ्या हिशेबाने 18,850 राहायला पाहिजेत. वसुलीला येणाऱ्या सरांच्या मोबाईलवर मात्र 27,173 बाकी दिसते. 8,323 चा फरक! शिवाय कर्ज देतानाच विम्याचे पैसे कापले, हातात 37,748 च आले. माझं मत सरळ आहे: हिशेब मिळेपर्यंत अख्ख्या गटाने हप्ता बंद करावा. तुमचं काय?

हुपरीकर: शंभर टक्के बंद करा. बायकांना व्याज कळत नाही हे ओळखूनच हे लोक गावात येतात. दहा हप्ते घेऊन मुद्दल तेरा हजारसुद्धा फिटत नाही, ही लूटच आहे. आमच्या गल्लीतही असंच चाललंय.

निवृत्त कॅशियर, राजारामपुरी: हप्ता थांबवायला माझा विरोध आहे. का ते आकड्यांतच सांगतो. कर्जपत्रावर व्याजदर 24 टक्के, घटत्या शिलकीवर, असं असणार, कारण 2,115 चा हप्ता त्याच दराने बसतो. म्हणजे महिन्याला दोन टक्के. पहिल्या महिन्यात 40,000 वर 800 रुपये व्याज, म्हणून 2,115 पैकी मुद्दलात 1,315 च गेले. पुढे व्याज कमी होत जातं, मुद्दलाचा वाटा वाढत जातो. दहाव्या हप्त्यात व्याज 543 आणि मुद्दल 1,572. दहा हप्त्यांचं एकूण व्याज होतं 6,751. ते तुमच्या वजाबाकीत धरलेलंच नाही.

8,323 मधून 6,751 गेले की उरतात 1,572. खरा प्रश्न एवढ्याच रकमेचा आहे आणि तो खरोखरच प्रश्न आहे. दहा हप्ते जमा असतील तर शिल्लक 25,601 हवी. 27,173 ही नऊ हप्त्यांनंतरची शिल्लक आहे. कर्ज देताना परतफेडीचा छापील तक्ता मिळाला असेल. मोबाईलवरचा आकडा त्या तक्त्यात कोणत्या ओळीत सापडतो ते बघा. माझ्या मते नवव्या ओळीत सापडेल. तसं असेल तर एक हप्ता कंपनीच्या खात्यात पोचलेलाच नाही.

हुपरीकर: मग 2,115 चा फरक यायला हवा, 1,572 चा कसा?

निवृत्त कॅशियर, राजारामपुरी: मुद्दलाची बाकी तेवढ्यानेच फुगते. हप्त्यातले उरलेले 543 व्याजाचे असतात. म्हणूनच न पोचलेला हप्ता चटकन नजरेत भरत नाही. लोक शिलकीत 2,115 चा फरक शोधत बसतात आणि तो कधीच सापडत नाही.

कागलची ताई: आमच्या बचत गटाच्या पासबुकात बँक स्वतः मशीनने छापून देते. असले घोळ आम्हाला कधी आले नाहीत. तुम्हीही बँकेत जाऊन छापून घ्या की.

गडहिंग्लजची गटप्रमुख: ताई, हे बचत गटाचं पासबुक नव्हे. इथं प्रत्येकीचं कर्ज वेगळं असतं, नोंद हाताने होते आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांना भरावा लागतो.

माझा अनुभव सांगते, राग मानू नका. मीटिंगला एखादी आली नाही की सर उठत नाहीत. तेव्हा कुणाच्या तरी हातातले पैसे तिच्या नावावर लावले जातात. पुढच्या महिन्यात ती परत करते, कधी करत नाही. माझ्याकडूनही एकदा असं झालंय. एका भगिनीचा हप्ता दुसरीच्या नावावर गेला, आणि तिच्या पासबुकात मी सही न घेताच आकडा लिहून टाकला. चोरी नव्हती, पण तिच्या खात्यात तो हप्ता नव्हताच.

उजळाईवाडीचा दीर: वहिनीला पासबुक आणायला सांगितलं. सहावी ओळ: तारीख, हप्ता, मुद्दल, व्याज, शिल्लक, सरांची सही, सगळं काळ्या शाईत. सातवी ओळ: निळ्या शाईत फक्त 2,115. मुद्दल-व्याजाचे रकाने कोरे, सही नाही. आठवीपासून पुन्हा काळी शाई. सातव्या महिन्यात वहिनी माहेरी होती, पैसे तिच्या गटाच्या प्रमुखांकडे दिले होते. पावती नाही.

पूर्वी वसुलीला जाणारा, इचलकरंजी: मी तीन वर्षं हे काम केलंय. त्या ओळीला सही नाही म्हणजे तिथल्या सरांनी पैसे घेतलेच नाहीत. आम्ही आधी मोबाईलमध्ये नोंद करायचो, मग पासबुकात सही. कंपनीला दोष देऊ नका, गटातच विचारा.

निवृत्त कॅशियर, राजारामपुरी: अर्धं बरोबर आहे तुमचं. सही नसणं हा सरांनी पैसे न घेतल्याचा पुरावा होत नाही. घाईत सही राहूनही जाते. पण आठव्या मीटिंगला सर आले, ती कोरी ओळ त्यांच्या डोळ्यासमोर होती आणि त्यांनी खालच्या ओळीत सही केली. तेव्हा त्यांनी विचारायला नको होतं? मिळालेल्या प्रत्येक हप्त्याची पोच देणं ही रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कंपनीची जबाबदारी आहे.

उजळाईवाडीचा दीर: आणि विमा? कर्जपत्रावर तीन कपाती आहेत: प्रक्रिया शुल्क करासह 472, पती-पत्नी जीवन विमा 1,180, आणि ‘आरोग्य कवच’ 600. हे आरोग्य कवच वहिनीने मागितलंच नव्हतं.

हुपरीकर: विमा म्हणजे निव्वळ कापाकापी. परत मागा सगळा.

शिरोळची वाचक: सगळा म्हणू नका दादा. माझे मिस्टर गेले तेव्हा चौदा हप्ते बाकी होते. जीवन विमा होता म्हणून कर्ज मिटलं, उरलेली थोडी रक्कम माझ्या खात्यात आली. नाहीतर मुलांना घेऊन मी ते हप्ते कुठून भरले असते? तेव्हा विम्याचा कागद मात्र माझ्याकडे नव्हता, तो मिळवायला दोन महिने हेलपाटे घातले. वहिनींना तो कागद आत्ताच मागायला सांगा. त्यावर नवऱ्याचं नाव, वारसाचं नाव आणि मुदत पूर्ण 24 महिने आहे का ते बघा.

निवृत्त कॅशियर, राजारामपुरी: शिरोळच्या ताईंशी सहमत. 1,180 आणि 600 ला एकाच मापाने मोजू नका. आरोग्य कवच हे कर्जाचा भाग नाही. असं काही विकायचं तर कर्जदाराची पूर्ण संमती हवी आणि त्याचं शुल्क कर्जपत्रावर लिहिलेलं हवं. शुल्क लिहिलंय, मग संमतीच्या अर्जाची प्रत मागा. व्याज 37,748 वर नव्हे, पूर्ण 40,000 वर लागतंय, म्हणजे या 600 वरही वहिनी 24 टक्के भरतायत.

पूर्वी वसुलीला जाणारा, इचलकरंजी: अर्जांच्या गठ्ठ्यात तिची सही निघेल. पंचवीस बायका आणि अर्धा तास, कोण वाचून सही करतं?

गडहिंग्लजची गटप्रमुख: हेच तर चुकतंय सर. वाचायला वेळ दिला नाही तर ती संमती कसली? आणि दादा, हप्ता थांबवू नका. बाकीच्या बायकांचा यात काही दोष नाही. थकबाकी क्रेडिट ब्युरोत गेली की पुढचं कर्ज अडतं, तेही प्रत्येकीचं.

हुपरीकर: मला अजून पटत नाही. दबाव नसेल तर शाखेत कुणी दाद देत नाही.

निवृत्त कॅशियर, राजारामपुरी: दबाव कागदाने टाका. शाखेत लेखी अर्ज द्या: खात्याचा पूर्ण उतारा आणि सातव्या महिन्याच्या गटाच्या मीटिंगमधल्या वसुलीची नोंद द्यावी. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फोन 14448.

उजळाईवाडीचा दीर: आज शाखेत जाऊन आलो. 27,173 नवव्या ओळीतच आहे. उताऱ्यात सातव्या महिन्यात वहिनीच्या नावावर काहीच जमा नाही. आठवा भरला तो सातव्याला लावला, आणि तेव्हापासून एक हप्ता थकीतच दाखवतायत. वहिनीच्या गटप्रमुख म्हणतात पैसे सरांच्या हातात दिले. ते सर आता दुसऱ्या शाखेत आहेत. अर्जावर शिक्का घेतलाय. आरोग्य कवचाच्या अर्जाची प्रत ‘शोधून देतो’ म्हणाले. अकरावा हप्ता वहिनी भरणार आहे, पण या वेळी सरांच्या मोबाईलवरची नोंद स्वतः बघून, पासबुकात शिल्लक लिहून घेऊन मगच पैसे सोडणार.