मदत हवी आहे: पाच आणि आठ वर्षांच्या भावंडांना एका बाजूनं खेळता येईल असा खेळ

वडगावची_आई: आम्ही बेळगावात, वडगावला. पाऊस लागला की पोरं घरातच. मुलगी आठची, मुलगा पाचचा. चौकाबाऱ्यात तिनं त्याची सोंगटी मारली की हा कवड्या भिरकावतो. एक फ्रिजखाली गेलीय, अजून निघाली नाही. तिला मुद्दाम हरायला सांगितलं तर ती रडते. काय खेळवू?

निपाणीकर: सापशिडी घ्या, दोघांत मिळून एकच सोंगटी. भांडण संपलं.

खानापूर_मास्तर: चार दिवस चालेल. पण त्यात ठरवायचं काहीच नसतं, आठ वर्षांची कंटाळते. हा करून बघा. चार वाट्यांत चार-चार चिंचोके, वाट्यांवर खडूनं एक ते चार ठिपके. शेजारी पाच घरांची वाट, तिच्या टोकाला कागदाचा कावळा. फाशावर एक ते चार पडले तर त्या वाटीतला चिंचोका टोपलीत. वाटी रिकामी असेल तर डाव वाया. पाच पडले की कावळा एक घर पुढं. सहा पडले की हव्या त्या वाटीतला एक उचला. सगळे चिंचोके आधी टोपलीत आले तर दोघं जिंकली, कावळा आधी पोचला तर दोघं हरली. आपल्याकडं काजूच्या बिया घरात असतात, त्या मात्र नको. टरफलाच्या तेलानं पोरांचे हात सोलतात.

टिळकवाडी७: आमच्या थोरल्याला कॅरमचा क्लास लावायचाय. कुणाला माहीत आहे का?

वडगावची_आई: कॅरम नको हो, इथं स्ट्रायकरच डोक्यात बसेल! मास्तर, काल खेळलो. कावळा पोचला आणि ही म्हणाली, "तुझ्यामुळंच पाच पडले." परत तेच.

निपाणीकर: मग कावळाच काढून टाका.

खानापूर_मास्तर: कावळा काढला तर नुसतं चिंचोके उचलायचं काम उरतं, दहा मिनिटांत उठतील. फासा वाटीत घाला. एकानं हलवायची, दुसऱ्यानं पालथी घालायची. मग पाच कुणाचे ते सांगताच येत नाही. सुरुवातीला वाट सहा घरांची ठेवा, म्हणजे कावळा जरा उशिरा पोचतो.

वडगावची_आई: वाटीचं जमलं! तीनदा खेळली, एकदा हरली, तेव्हा दोघं मिळून कावळ्यालाच शिव्या. आता भांडण सहावर. त्याला शेवटचा चिंचोका उचलून वाटी रिकामी करायची हौस, ती ओरडते, "भरलेल्या वाटीतला घे!"

खानापूर_मास्तर: बरोबर तीच आहे. वाटी लवकर रिकामी झाली की त्या वाटीचे डाव वाया जातात आणि कावळा चालतच राहतो. पण तिनं हुकूम सोडला की तो नुसता हमाल. तिनं सांगायचं एकदाच, उचलायचं त्यानं.

वडगावची_आई: एकदाच सांगून गप्प बसणारी असती तर धागा कशाला काढला असता? बघते. आज ती म्हणतेय, कावळा मी होणार.

खानापूर_मास्तर: तेवढं नको. मग परत चौकाबाराच झाला.