संक्रांतीचा संदेश तपासून हवा आहे : सासरच्या आणि माहेरच्या, दोन्ही गटांवर पाठवायचा आहे

राजवाडा :
नमस्कार. माझं सगळं शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झालं. घरी मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ कधी फारशी आली नाही. लग्नानंतरची ही पहिलीच संक्रांत. सासर कोल्हापूरचं, आम्ही दोघं पुण्यात. १४ तारखेला सकाळी सासरच्या व्हॉट्सॲप गटावर आमच्या दोघांच्या नावाने संदेश टाकायचा आहे. त्या गटात आजेसासूबाई, चुलत सासरे, आत्येसासूबाई, नणंदा आणि त्यांची कॉलेजातली मुलं, सगळेच आहेत. तोच संदेश माझ्या माहेरच्या गटावरही जाईल. मी असा लिहिला आहे :

"मकर संक्रातीच्या हार्दीक शुभेच्छा! तिळगुळ घ्या, गोड गोड बोला. नविन वर्षात आपल्या सर्व कुटुंबियांना सुख, समृध्दी आणि दिर्घायुष्य लाभो हीच ईश्वर चरणी प्रार्थना. आपण सर्व जणं आमच्या घरी आले तर खूप आनंद होईल. आपले आर्शिवाद असेच राहू दे."

शब्द चुकले असतील तर सांगाच, पण मला जास्त काळजी क्रियापदांची आहे. मोठ्यांना 'आपण' म्हणायचं एवढं कळतं, पुढे 'आले' की 'आलात' इथे दर वेळी अडखळते. सासरी कुणाला उद्धट वाटायला नको.

अबोली_२ :
छान लिहिलंय! फक्त 'तिळगुळ' चुकलंय. तीळ दीर्घ, गूळ दीर्घ, म्हणून 'तीळगूळ'. आणि सुख, समृद्धी, दीर्घायुष्य अशा तीन गोष्टी आहेत, त्यामुळे 'लाभो' नाही, 'लाभोत' हवं.

खिळेजुळणी :
बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तिळगुळाचं. अबोलीताई, 'गू' दीर्घ हे बरोबर, पण 'ती' दीर्घ नाही. 'तीळ' हा शब्द एकटा असतो तेव्हा ती शेवटून दुसरी जागा असते आणि पुढचं अक्षर अकारान्त असतं, म्हणून दीर्घ. त्याला गूळ चिकटला की 'ती' मागे सरकते आणि ऱ्हस्व होते. 'गू' आता शेवटून दुसरा, म्हणून तो दीर्घ राहतो. शब्द झाला तिळगूळ. प्रत्यय लागला की गूळही ऱ्हस्व होतो : तिळगुळाचा, तिळगुळाच्या वड्या. शंका आली तर 'तिळाचे लाडू', 'गुळाची पोळी' असं मनात म्हणून पाहा. कागदावर तीळ आणि गूळ लिहिणारे आपण तिथे आपोआप ऱ्हस्व लिहितो.

बाकीचे शब्द : संक्रांतीच्या (तुमचा अनुस्वार राहिला आहे), हार्दिक, नवीन, समृद्धी, दीर्घायुष्य, आशीर्वाद, ईश्वरचरणी एकत्र, आणि 'जण'वर अनुस्वार नको. 'आर्शिवाद' फार लोक लिहितात. रफार 'वा'वर आहे, 'शी'वर नाही. आशीः आणि वाद मिळून तो शब्द झाला, म्हणून 'शी' दीर्घ आणि र् त्याच्यानंतर. 'समृध्दी'मध्ये तुम्ही आधी ध टाइप करून मग द जोडला आहे. आधी द, मग पायमोड, मग ध असं करा म्हणजे 'द्ध' उमटेल. मोबाइलच्या बारीक अक्षरात हा फरक चटकन दिसत नाही, म्हणून तो राहून जातो.

'कुटुंबियांना' हे वर्तमानपत्रांतही दिसतं, पण शब्द 'कुटुंबीय' आहे आणि तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्यामुळे प्रत्यय लागला तरी 'बी' दीर्घच राहतो : कुटुंबीयांना. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं तसं इथे होत नाही. पण तुमच्या संदेशात तो शब्दच नको. तुम्ही कुटुंबाच्याच गटावर लिहिताय, तिथे 'आपल्या कुटुंबीयांना' हे एखाद्या कंपनीने ग्राहकांना पाठवलेल्या कार्डासारखं वाटतं. 'सर्वांना' पुरे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'आपण आले' चूक, 'आपण आलात' बरोबर. हिंदीत 'आप आए' म्हणताना क्रियापद तिसऱ्या पुरुषाचं असतं, 'वे आए'सारखंच. मराठीत समोरच्या माणसाशी बोलताना अशा भूतकाळी क्रियापदाला 'त' लागतो : ते आले, पण तुम्ही आलात, आपण आलात. भविष्यकाळात 'त' नसतो, पण रूप तिथेही वेगळंच : ते येतील, पण तुम्ही याल, आपण याल. 'आपण येतील का' हे वाक्य इंदूर, नागपूरकडच्या बोलण्यात ऐकू येतं, ते तिथे रुळलेलं आहे. कोल्हापूरच्या गटावर मात्र ते लगेच वेगळं दिसेल.

दुसरं, 'आपले आशीर्वाद राहू दे' यातला 'दे' हा 'तू'चा आहे. वर 'आपण' आणि खाली 'दे' हे जमत नाही. 'राहू द्या' किंवा 'असू द्यावेत' करा.

राजवाडा :
'त'चं आता पक्कं लक्षात राहील, आजवर हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. मग 'आपण या' चालेल की 'आपण यावे'च हवं? आणि 'लाभोत' करू का?

खिळेजुळणी :
'आपण या' अशुद्ध नाही, पण आपण म्हटल्यावर 'यावे' जास्त शोभतं. 'या' हा 'तुम्ही'चा जोडीदार. 'यावे'च्या वाटेने गेलात तर पुढे एक जपा : कर्म असेल तर रूप कर्माप्रमाणे बदलतं. तिळगूळ घ्यावा, वडी घ्यावी, शुभेच्छा स्वीकाराव्यात. 'शुभेच्छा स्वीकारावे' असं लिहिलेलं फार दिसतं. आणि स्वीकारातला 'स्वी' दीर्घ.

'लाभो' राहू द्या. निर्जीव गोष्टींची अशी यादी आली की क्रियापद शेवटच्या शब्दाकडे पाहून एकवचनी ठेवण्याची रीत मराठीत आहे. 'लाभोत'ही कुणी चूक म्हणणार नाही.

अबोली_२ :
मला शाळेत अनेकवचनच शिकवलं होतं. मी 'लाभोत'च लिहीन.

पंचगंगा :
मी कोल्हापूरचीच, दोन सुनांची सासू. व्याकरण वरच्या दादांनी सांगितलंय, मला वेगळंच खटकलं. 'आमच्या घरी' लिहू नका गं. सासरच्या माणसांना सून 'आमच्या घरी या' म्हणाली की मुलाचं घर आता परकं झालं असं वाटतं. 'पुण्याला आपल्या घरी या' म्हणा. तेवढ्या एका शब्दाने आजेसासूबाई खूश होतील.

आणि इतकं 'आपण, आपण' कशाला? आमच्याकडे सासऱ्यांनाही 'तुम्ही'च म्हणतात, त्यात पुरता मान आहे. आपण म्हटलं की लग्नपत्रिका वाचल्यासारखं वाटतं.

खिळेजुळणी :
पंचगंगाताईंचा मुद्दा व्याकरणातूनही पटतो. 'आपण' म्हणजे तुम्ही, आणि 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही मिळूनही. 'आपण आलात तर' लिहून पुढे 'आपल्या घरी' लिहिलं, तर वाचणारा क्षणभर थांबतो : कुणाच्या घरी, त्यांच्या की सगळ्यांच्या? वर 'तुम्ही' ठेवलं की खालचं 'आपल्या घरी' आपोआप सगळ्यांचं होतं. क्रियापद तेच राहतं : तुम्ही सगळे आलात तर.

विदिशा :
माझ्या माहेरी आजीला, आईला, आत्याला, मावशीला सगळे 'तू' म्हणतात. एका दिवाळीला मी आजीला एकटीला 'तुम्हाला शुभेच्छा' असा संदेश पाठवला, तर तिने फोन करून विचारलं, रागावलीस का म्हणून. तर राजवाडा, तुमच्या इंदूरच्या आजीला 'घ्या' कसं चालेल?

राजवाडा :
आमच्याकडेही आजी 'तू'च. आजोबा मात्र 'तुम्ही'. म्हणूनच एकच संदेश दोन्हीकडे चालेल का ही शंका होती.

खिळेजुळणी :
गटावर चालेल. तिथे 'घ्या' आणि 'बोला' हे आदरासाठी नाहीत, माणसं अनेक आहेत म्हणून आहेत. आजी त्या सगळ्यांतली एक. तिला वेगळा पाठवाल तेव्हा 'आजी, तिळगूळ घे, गोड बोल' असाच जाऊ द्या, आणि आजेसासूबाईंना वेगळा लिहिलात तर 'घ्या'. नात्यात तोंडी जे रूप आहे तेच लिहिण्यात ठेवा. लेखी आहे म्हणून वर चढवलं की विदिशाताईंच्या आजीसारखं होतं.

दूरदेशी :
थोडं वेगळं विचारतो. आमच्या मोठ्या काकांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. काकू आमच्या गटावर आहेत. संक्रांतीचा संदेश गटावर टाकावा का? आणि काकूंना निराळा लिहायचा तर काय लिहावं?

पंचगंगा :
आमच्याकडे वर्षभर त्या घरी सण करत नाहीत, पण कुणी तिळगूळ आणून दिला तर घेतात. गटावर टाका, काकूंना वेगळा फोन करा. 'शुभेच्छा' शब्द नको. तब्येत विचारा.

विदिशा :
आमच्याकडे उलट आहे. त्या वर्षी गटावर कुणीच काही टाकत नाही. घरच्या एखाद्या मोठ्या माणसाला विचारून ठरवलेलं बरं.

राजवाडा :
सगळ्यांचं वाचून असा केला आहे :

"मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा! तिळगूळ घ्या, गोड बोला. नवीन वर्षात सर्वांना सुख, समृद्धी आणि दीर्घायुष्य लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना. तुम्ही सगळे पुण्याला आपल्या घरी आलात तर खूप आनंद होईल. तुमचे आशीर्वाद असेच राहू द्या."

खिळेजुळणी :
शुद्ध आहे. दोन सूचना, पटल्या तर घ्या. 'नवीन वर्षात' काढा. इंग्रजी वर्ष सुरू होऊन दोन आठवडे झालेले असतात आणि आपलं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, मधेच संक्रांतीला ते कुठून येणार? दुसरं, गटात भाचरंही आहेत आणि शेवटची ओळ सगळ्यांकडेच आशीर्वाद मागते. जुन्या पत्रांत शेवटी 'थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद' असायचं, एकाच पत्रात दोघांची सोय व्हायची. तुम्हीही 'थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद' असा शेवट करू शकता.

पंचगंगा :
नव्या सुनेने कॉलेजातल्या भाच्यांना आशीर्वाद द्यायचे? वयात फार अंतर नसेल. 'थोरांना नमस्कार, लहानांना खूप प्रेम' म्हणा.

राजवाडा :
हे छानच. 'नवीन वर्षात' काढलं, शेवटची ओळ पंचगंगाताईंची घेते. एकच राहिलं : आजेसासूबाईंना वेगळ्या संदेशात 'तुम्हाला' लिहू की 'तुम्हांला'?

खिळेजुळणी :
१९६२च्या लेखननियमांप्रमाणे अनेकवचनी आणि आदरार्थी सामान्यरूपावर अनुस्वार येतो, उदाहरणांत 'तुम्हांस', 'आपणांस' अशी रूपं आहेत. त्या हिशेबाने 'तुम्हांला'. मी तसंच तपासत आलो. 'काकांना', 'सासूबाईंना' यांवरचा अनुस्वार तर कधीच सोडू नका, तो गेला की मानही जातो.

अबोली_२ :
पण छापील पुस्तकांत मला सगळीकडे 'तुम्हाला'च दिसतं. 'तुम्हांला' बघून आजेसासूबाईंनाच ती चूक वाटली तर?

खिळेजुळणी :
तेही खरं आहे. 'तुम्हाला' आता इतकं रुळलं आहे की त्याला कुणी चूक म्हणणार नाही. राजवाडाताई, तुमच्या घरात जे वाचलं जातं ते लिहा. फक्त एकाच संदेशात दोन्ही नकोत.